काळजी घेतली जाते, पण कोण घेतं?

*मी एका शाळेत मोठ्या मुलांना भाषा शिकवते. पुढच्या वर्षीच्या प्रवेशांसाठी शाळेचं माहितीपत्रक नव्याने छापायचं आहे आणि मुख्याध्यापकांनी जुनं पत्रक 'जरा भाषा छान करून द्या' म्हणून माझ्याकडे दिलंय. बारा पानं आहेत. इमारत, प्रयोगशाळा, ४० संगणक, पोहण्याचा तलाव, ६४ कॅमेरे, सगळं आहे. तरी गेल्या वर्षी पालक तेच पत्रक हातात धरून खिडकीवर यायचे आणि भलतंच काही विचारायचे. दोष भाषेत नाही असं वाटतं, पण नेमका कशात आहे ते सांगता येत नाही. शिवाय संस्थेच्या अध्यक्षांनी इमारत स्वतः उभं राहून बांधून घेतली आहे, त्यामुळे तिची पानं कमी करायची हिंमत होत नाही. छपाईला दोन महिने आहेत. कुठून सुरुवात करू?*
*— भाषेच्या बाई*

ताई,

खिडकीपासून. पहिले पंधरा दिवस पत्रकाला हातच लावू नका. एक साधी वही घ्या आणि प्रवेशाच्या खिडकीवर जे कोणी बसतं त्यांच्याकडे ठेवा. 'भलतंच काही' म्हणून तुम्ही ज्याचा उल्लेख केलात, तोच तुमच्या नव्या पत्रकाचा मजकूर आहे. तो पालकांच्या तोंडून रोज फुकट मिळतोय, फक्त कोणी लिहून घेत नाही.

वहीत प्रश्न लिहायचा तो पालकांच्याच शब्दांत. हे सांगायला सोपं, पण खिडकीवरची माणसं सवयीने सारांश लिहितात. "सुरक्षेबद्दल विचारलं" अशी नोंद तुमच्या काही कामाची नाही. सुरक्षेबद्दल तुमच्या पत्रकात आधीच अर्धं पान असणार. "हिचे आजोबा न्यायला आले तर सोडाल ना? त्यांना पटकन नाव सांगता येत नाही" ही नोंद कामाची. पहिलीत विषय आहे, दुसरीत माणूस आहे. प्रश्नाशेजारी एवढंच टिपायला सांगा, की तो बोलण्याच्या सुरुवातीला आला, मध्ये आला की निघता निघता आला. सुरुवातीचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात: फी, वेळ, वर्गातली मुलं. निघताना, पिशवी खांद्याला लावून झाल्यावर, दारातून मागे वळून जो प्रश्न येतो तो घरी आदल्या रात्री झालेल्या बोलण्यातला असतो. त्याला वहीत चांदणी करा.

प्रश्न आडवळणाने येतात हेही ध्यानात ठेवा. "टॉयलेट वर्गापासून लांब आहे का?" असं विचारणाऱ्या आईला अंतर मोजायचं नसतं. तिच्या मुलाला चड्डीचं बटण अजून नीट काढता येत नाही, आणि हे चारचौघांत बोलायची तिला लाज वाटते. म्हणून खिडकीवरच्या व्यक्तीने उत्तर दिल्यावर हळूच विचारावं, "तुमच्या मनात काय आहे? सांगा ना." सगळे सांगणार नाहीत. जे सांगतील त्यांचं लिहून घ्यायचं. साधारण चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की तेच तेच प्रश्न परत यायला लागतात. तिथे थांबलं तरी चालतं.

सध्या प्रवेशाचे दिवस नसतील आणि खिडकी ओस असेल, तर शाळेतच असलेल्या पालकांकडे जा. ज्यांचं मूल यंदाच आलंय अशा आठ-दहा जणांना एकच गोष्ट विचारा: "प्रवेशाआधी काय कळलं असतं तर बरं झालं असतं?" शाळा कशी वाटली, असं अजिबात विचारू नका. मूल तुमच्या हातात आहे, पालक छानच म्हणणार. 'आधी काय कळायला हवं होतं' या प्रश्नात मात्र तक्रार न करता तक्रार करता येते. जमलं तर अर्ज नेऊन परत न आलेल्यांपैकीही दोन-चार जणांशी बोला.

आता मुद्द्याची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एका शाळेचं पत्रक मीच लिहून दिलं होतं. त्यात मोठ्या हौसेने 'घरासारखं वातावरण' असं लिहिलं. एक आजी ते पान घेऊन खिडकीवर आल्या आणि म्हणाल्या, "घरी हा दुपारी झोपतो. इथे झोपू देता?" खिडकीवरच्या बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी बालवर्गाच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "मान टाकली तर टाकू देतो, पण तसं काही ठरलेलं नाही." मुख्याध्यापक म्हणाले, "नाही नाही, उठवायला हवं." तीन माणसं, तीन उत्तरं, आणि वर माझं घरासारखं वातावरण. आजींनी प्रवेश घेतला की नाही हे मला कळलं नाही. पण त्या दिवशी मला समजलं, की माझ्या वाक्यात शैलीचा दोष नव्हताच. त्या वाक्यामागे शाळेत काही घडतच नव्हतं.

तुमच्या पत्रकाचंही बहुधा तेच झालंय, आणि ते ओळखायची खूण तुमच्या, भाषेच्या बाईंच्या, हातातली आहे. तांबडी पेन्सिल घ्या आणि पत्रकातल्या 'घेतली जाते', 'दिले जाते', 'पुरवले जाते', 'भर दिला जातो' अशा सगळ्या क्रियापदांना गोल करा. विद्यार्थ्यांची काळजी घेतली जाते. कोण घेतं? वैयक्तिक लक्ष दिले जाते. कोण देतं, कधी? मुलांना कर्ता शोधायला शिकवता ना, तोच इथे शोधायचा. कर्मणी प्रयोगाची आपल्या कागदपत्रांना इतकी सवय आहे की करणारा माणूस गायब झालाय हे आपल्या लक्षातही येत नाही. इमारतीला कर्ता लागत नाही, ती नुसती उभी असते, म्हणून तिच्याबद्दल लिहिणं सोपं जातं. काळजीबद्दल लिहायचं तर करणारं माणूस लागतं.

प्रत्येक गोलासाठी कर्ता शोधायला शाळेत हिंडा. जिथे मिळेल तिथे वाक्य आपोआप सुधारेल. जिथे मिळणार नाही तिथे वाक्य खोडा, किंवा मुख्याध्यापकांना सांगून आधी ते काम कोणाच्या तरी नावावर लावून घ्या. पत्रक सुधारणं म्हणजे अर्धी शाळा तपासणं होऊन बसतं, याची तयारी ठेवा. तुम्हाला भाषा सुधारायला सांगितलीय आणि तुम्ही रखवालदाराला प्रश्न विचारत फिरताय, हे काहींना खटकेल. मुख्याध्यापकांना आधी कल्पना देऊन ठेवा.

एका शाळेबरोबर मी हे काम पानोपान केलं, त्यातलं एकच पान इथे उलगडून सांगते. ते जमलं की बाकीची पानं तुम्ही त्याच वाटेने कराल.

जुन्या पत्रकातला मजकूर असा होता:

"शाळेचा संपूर्ण परिसर अत्याधुनिक कॅमेऱ्यांच्या निगराणीखाली असून विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेस सर्वोच्च प्राधान्य दिले जाते."

वहीत सुरक्षेच्या सदरात पडतील अशा अकरा नोंदी होत्या. त्यातल्या सात शाळा सुटण्याच्या वेळेबद्दल होत्या. मला यायला उशीर झाला तर? शेजारच्या काकू आल्या तर चालेल? तिचे बाबा आणि मी वेगळे राहतो, ते आले तर? (ही चांदणीवाली होती, दारातून मागे वळून विचारलेली.) कॅमेऱ्यांबद्दल एकाही पालकाने विचारलं नव्हतं. गंमत अशी की कॅमेऱ्यांचं वाक्य या सातही जणांनी वाचलेलं होतं.

मग आम्ही शाळेत विचारत फिरलो: घंटा होऊन अर्धा तास झाला आणि पहिलीतल्या मुलाला न्यायला कोणी आलं नाही, तर काय होतं? वर्गशिक्षिका म्हणाल्या, मी दहा मिनिटं थांबते, मग मूल फाटकाशी सोडते. रखवालदार म्हणाले, माझ्या बाकावर बसतं. कार्यालयात म्हणाले, आम्ही फोन करतो. कधी करता? "कोणी येऊन सांगितलं की." म्हणजे रखवालदार फाटक सोडून सांगायला येणार, तेव्हा. आणि मूल ज्याच्या हातात द्यायचं त्याची यादी? कुठेच नव्हती, चेहरा ओळखीचा असला की पुरे. इतकी वर्षं काही वावगं झालं नाही ते रखवालदारांच्या चांगुलपणावर. पण तो चांगुलपणा सुटीवर गेला की बदली माणूस येतो आणि त्याला एकही चेहरा ओळखीचा नसतो.

हे काही पत्रकात लिहिण्याजोगं नव्हतं. आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी वर्गशिक्षिका, रखवालदार आणि कार्यालयातले दोघे यांना एकत्र बसवलं आणि तासाभरात पद्धत ठरली. मग मजकूर लिहिला:

"शाळा सुटल्यावर. पहिली-दुसरीच्या मुलांना वर्गशिक्षिका स्वतः फाटकापर्यंत आणतात आणि न्यायला आलेल्या माणसाच्या हाती देतात. प्रवेशाच्या वेळी तुम्ही चार जणांची नावं आणि फोटो द्यायचे. त्यांच्याखेरीज कोणाबरोबरही, ओळखीच्या शेजाऱ्यांबरोबरही, आम्ही मूल पाठवत नाही. ऐनवेळी दुसरं कोणी येणार असेल तर कार्यालयाला फोन करा. तुम्ही नोंदवलेल्या नंबरावर आम्ही उलट फोन करून खात्री करतो आणि मगच मूल सोडतो.

तुम्हाला उशीर झाला तर मूल फाटकावर थांबत नाही. वर्गशिक्षिका त्याला कार्यालयाशेजारच्या खोलीत मदतनीस बाईंकडे नेऊन सोडतात. शाळा सुटल्यावर १५ मिनिटांनी कार्यालयातून तुम्हाला फोन येतो. तुम्ही उचलला नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला. शेवटचं मूल घरी जाईपर्यंत कार्यालयातलं एक माणूस शाळेत थांबतं."

पाहा, यात स्तुतीचं एकही विशेषण नाही. 'सर्वोच्च' नाही, 'अत्याधुनिक' नाही. प्रत्येक क्रियेला करणारा आहे आणि जिथे वेळ लागते तिथे आकडा आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोष्ट बिघडली तर पुढे काय, हेही आहे. पालकांच्या काळजीत 'तर' असतो: उशीर झाला तर, पडला तर, रडायला लागली तर. पत्रकं फक्त सगळं सुरळीत असतानाचं लिहितात आणि म्हणून वाचणाऱ्याच्या मनातला 'तर' तसाच शिल्लक राहतो.

मजकूर झाला म्हणजे काम झालं असं मला तेव्हा वाटलं होतं. नव्हतं झालं. आम्ही तो आधी रखवालदारांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चार फोटो म्हणता, ते माझ्याकडे कुठेत?" फोटो कार्यालयाच्या कपाटात राहणार होते आणि मूल फाटकावर सोडलं जाणार होतं! मग फोटोंची एक वही फाटकावर ठेवायचं ठरलं, कुलपाच्या खणात, कारण ती कोणाच्याही हाती पडणं हाही एक धोकाच. जो माणूस काम करणार आहे त्याला वाचून दाखवल्याशिवाय एकही ओळ छापू नका. तुम्ही लिहिता ते त्याच्यावर बंधन असतं आणि त्याला ते पालकाच्या तोंडून कळणं बरं नव्हे.

नंतर तो मजकूर तीन पालकांना दिला. 'आवडला का' असं विचारलं नाही. पान वाचायला दिलं, परत घेतलं आणि म्हटलं, "उद्या तुम्हाला पाऊण तास उशीर झाला, तर काय काय होईल ते मला सांगा." त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत जिथे ते अडखळले किंवा भलतं बोलले, तिथे दोष मजकुराचा. दोघांनी जवळपास बरोबर सांगितलं. तिसऱ्या बाई सगळं नीट सांगून थांबल्या आणि म्हणाल्या, "पण आई येतेय, हे पोराला कोण सांगणार?" आम्ही सगळ्या मोठ्यांना फोन करवले होते. खोलीत बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला काय वाटतं, याचा विचार कोणीच केला नव्हता. मग एक वाक्य वाढलं: "तुमच्याशी बोलणं झालं की तुम्ही किती वाजता येताय ते मदतनीस बाई मुलाला सांगतात." अख्ख्या पत्रकात पालक सगळ्यात जास्त वेळ याच ओळीवर थांबतात, असं खिडकीवरच्या बाई मला पुढे सांगायच्या.

आणि वेगळ्या राहणाऱ्या आई-वडिलांचा प्रश्न? त्याचं पूर्ण उत्तर पत्रकात देता येत नाही आणि देऊही नये. मूल कोणाकडे द्यायचं हे तिथे कायद्याच्या कागदावर ठरतं, शाळेच्या इच्छेवर नाही. आम्ही एवढंच लिहिलं: "घरात मुलाच्या ताब्याबद्दल काही वेगळी व्यवस्था असेल तर मुख्याध्यापकांना एकट्याने भेटून सांगा. संबंधित कागद सोबत आणा." ज्या आईने दारातून वळून विचारलं होतं तिला निदान कोणाकडे जायचं ते कळतं.

कॅमेऱ्यांचं काय केलं? शेवटी एक ओळ: "फाटकावर आणि या खोलीच्या दारावर कॅमेरे आहेत." कॅमेरा झालेलं दाखवतो, होताना थांबवत नाही. थांबवायला माणूसच लागतो, म्हणून माणसं आधी आणि कॅमेरा मागून.

आता तुमची इमारत. ती काढून टाकायची नाही. इमारत चांगली आहे ही काही खोटी गोष्ट नव्हे. फक्त तिथल्या प्रत्येक वस्तूला विचारा: एका मुलाच्या आठवड्यात तू कधी येतेस? '४० संगणक' हा शाळेच्या श्रीमंतीचा आकडा झाला. 'तिसरीपासून आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर एक मूल' हा मुलाचा. ग्रंथालयात किती हजार पुस्तकं, यापेक्षा मूल पुस्तक घरी नेऊ शकतं का, आणि फाटलं तर काय, हे लिहा. तलाव असेल तर कितवीपासून, आठवड्यातून कितीदा, एका वेळी पाण्यात किती मुलं आणि काठावर किती मोठी माणसं. हे आकडे मिळवताना कधीकधी असं निघतं, की तलावात गेल्या वर्षी पाणीच नव्हतं किंवा प्रयोगशाळेची किल्ली फक्त तपासणीच्या दिवशी निघते. मग ती गोष्ट पत्रकात येत नाही, बस. त्यावर भांडण नको.

टॉयलेटबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहा, कारण यावर बहुतेक पत्रकं धड बोलत नाहीत आणि मुलं घरी येऊन पहिली धावतात ती तिकडेच. कित्येक मुलं शाळेत दिवसभर लघवी रोखून धरतात, त्यासाठी पाणी पीत नाहीत, आणि आयांना हे ठाऊक असतं. 'प्रत्येक मजल्यावर स्वच्छ प्रसाधनगृहे' या वाक्यातून त्यांना काहीच कळत नाही. त्यांना हवं ते असं: तास चालू असताना जाऊ देतात का, लहान मुलांना मदतीला कोण असतं, आतून कडी लागते का आणि ती मुलाला उघडता येते का, कपडे ओले झाले तर कोण बदलतं आणि ते इतर मुलांच्या नकळत होतं का. सहा ओळींत बसतं. लिहायच्या आधी मधल्या सुटीनंतर स्वतः जाऊन बघून या. सकाळी बघू नका, सकाळी सगळंच स्वच्छ असतं.

'वैयक्तिक लक्ष' हे शब्द तुमच्या पत्रकात असतील अशी माझी खात्री आहे. हिशेब करून बघा: ३५ मिनिटांचा तास आणि वर्गात ४० मुलं, तर एकेकाच्या वाट्याला ५२ सेकंद येतात, तेही बाईंनी हजेरी न घेता आणि फळ्याकडे न वळता. पालकांनाही हा भागाकार येतो. त्यांचा खरा प्रश्न असतो, की माझं मूल गप्प बसणारं आहे, ते मागे पडलं तर कोणाच्या लक्षात येईल आणि मला कधी कळेल. त्याचं खरं उत्तर तुमच्या शाळेत जे असेल तेच लिहा. वह्या दर पंधरवड्याला तपासल्या जात असतील तर कोण तपासतं ते लिहा, दोनदा काम अपुरं दिसलं की बाई घरी फोन करत असतील तर तसं लिहा. फोन करत नसतील, पहिली चाचणी झाल्यावरच कळवत असतील, तर तेही लिहा. कमी सांगितलेलं पाळलं जातं तेव्हा पालक टिकतात. आणि जी मदत तुमच्याकडे नाही, उदाहरणार्थ वाचनात विशेष अडचण असलेल्या मुलांसाठी प्रशिक्षित शिक्षक, ती नाही असं सरळ सांगा. त्या मुलाच्या घरच्यांचं एक वर्ष वाचेल.

फीचं पान सुटं ठेवा. संपूर्ण वर्षाची बेरीज, एकदाच भरायचं काय, दर वर्षी काय, परत मिळणारं काय, आणि शाळेबाहेर खर्च होणारं काय, जसं गणवेश, सहल, बस. 'इतर शुल्क' नावाची ओळ ठेवू नका, पालकांची नजर तिथेच अडकते. वेळा, फोन नंबर असं बदलणारं सगळं याच सुट्या कागदावर घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी पत्रक तेच राहून फक्त कागद बदलता येतो. शिक्षकांची नावं कुठेच नकोत, ती बदलतात. पदं लिहा.

क्रम मुलाच्या दिवसाचा ठेवा: सकाळचं फाटक, वर्ग, टॉयलेट, सुटी, दुखलं-खुपलं तर, अभ्यास, शाळा सुटणं. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते, तुमचं काम आठांत होईल. अक्षर बारा पॉइंटपेक्षा लहान नको, घरात ते आजी-आजोबाही वाचतात. अध्यक्षांसाठी मागच्या कव्हरचं आतलं पान राखा आणि तिथे इमारतीचा एक मोठा, चांगला फोटो टाका. फक्त तो सुटीच्या दिवशी काढलेला रिकाम्या इमारतीचा नको. मुलं असलेला असावा आणि ज्यांचे चेहरे दिसतात त्यांच्या पालकांची लेखी परवानगी घ्या. अध्यक्षांशी बोलायला जाताना स्वतःचं मत नेऊ नका, वही न्या. चांदणीवाले प्रश्न त्यांना त्यांच्या हाताने वाचू द्या. ज्यांनी इमारत उभी केली त्यांना ती कोणासाठी केली हे तुम्ही-आम्ही सांगायची गरज पडत नाही, असा माझा अनुभव आहे. एखादे तरीही म्हणतात, "बाकीच्या शाळा तलाव दाखवतात आणि आपण काय, टॉयलेटची कडी?" तेव्हा एवढंच म्हणा, की तलावाचं पान तसंच आहे, फक्त त्यात काठावरच्या माणसाची भर घातलीय.

सगळ्या प्रती एकदम छापू नका. पहिल्या दीड-दोनशे डिजिटल छपाईवर काढा. एका प्रतीमागे थोडे जास्त पडतात, पण चूक निघाली तर गठ्ठे वाया जात नाहीत. त्या वाटताना तीच वही पुन्हा खिडकीवर ठेवा. प्रश्न बंद होणार नाहीत आणि ते बंद व्हावेत अशी अपेक्षाही धरू नका. ते बदलले का, एवढं बघा. "उशीर झाला तर काय?" याच्या जागी "चारऐवजी पाच नावं चालतील का?" असं कोणी विचारलं, तर पान वाचलं गेलं आणि त्यावर विश्वासही बसला. जुनाच प्रश्न जुन्याच शब्दांत आला तर दोन शक्यता: उत्तर सापडत नाहीये, किंवा सापडतंय पण पटत नाहीये. पालकांना विचारा, "हे पान पाहिलंत का?" 'नाही' म्हणाले तर मथळा आणि जागा बदला. 'हो' म्हणाले तर मजकूर सोडा आणि फाटकावर जाऊन उभ्या राहा, तिथे लिहिल्याप्रमाणे होत नसणार. त्या दुरुस्त्या झाल्यावर उरलेल्या प्रती छापखान्यात द्या.